सात पानांची तक्रार एका पानावर: कर्ज फिटलं, घराचे कागद अडकले

प्रकरण कोल्हापूरचं, फुलेवाडीच्या बाजूचं. एका साठीच्या बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून घरासाठी कर्ज घेतलं होतं. यजमान एस.टी.त नोकरीला होते, २०२४ च्या पावसाळ्यात ते वारले. उरलेलं कर्ज बाईंनी आणि मुलानं पुढच्या मार्चमध्ये एकरकमी भरून टाकलं. त्यानंतर तीन महिने उलटले तरी घराचं मूळ खरेदीखत बँकेतून परत मिळेना. ओळख पटू नये म्हणून नावं, खाते क्रमांक आणि बँकेचं नाव इथं घेतलेलं नाही, आणि तारखा नमुन्यादाखल आहेत. हिशेब मात्र त्या तारखांना धरूनच केला आहे, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच्या तारखा घालून तो पुन्हा मांडता येईल.

बाईंनी २६ मेला बँकेला पोस्टानं तक्रार पाठवली होती. फुलस्केप कागदाची सात पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. प्रती जिल्हाधिकाऱ्यांना, खासदारांना आणि मुख्यमंत्र्यांनाही. पंधरा दिवसांत बँकेचं उत्तर आलं, दोन ओळींचं: ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्यास ग्राहकांशी सौजन्याने वागण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

कागदांचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. बाईंना वाटलं, बँकेनं मुद्दाम डावललं. तसं असेलही, पण ते उत्तर येण्याला पत्राची रचनाही तेवढीच कारण होती. त्या सात पानांत पाच तक्रारी होत्या: काउंटरवर झालेला अपमान, व्याज जास्त लावल्याचा संशय, यजमानांच्या कर्जविम्याचे पैसे न मिळणं, पासबुक वेळेवर न भरून देणं आणि घराचे कागद. तक्रार हाताळणाऱ्याला ती कुठल्या तरी एका प्रकारात नोंदवावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत निकाली काढावी लागते. पाच मागण्या एकत्र आल्या की सर्वांत सोपीला उत्तर देऊन नोंद बंद करता येते. इथं सर्वांत सोपी होती ती कर्मचाऱ्याची वागणूक, कारण तिला एक सूचना पुरते. शिवाय पहिली दोन पानं त्याच अपमानाची होती, म्हणजे नोंद करणाऱ्यानं विषय तोच धरला यात नवल नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. बाईंचा कर्ज खाते क्रमांक सात पानांत कुठंच नव्हता, तो शेवटी जोडलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सवर होता. कर्ज केव्हा फिटलं हे चौथ्या पानावर, तेही तारखेशिवाय. अधिकाऱ्याला काम करायचं असतं तरी कोणत्या खात्याची फाईल मागवायची आणि उशीर कधीपासून मोजायचा, हे त्याला पत्रातून कळत नव्हतं.

दुसरं पत्र लिहायला बाईंच्या गल्लीतले एक निवृत्त बँक कर्मचारी बसले. त्यांनी सात पानं पूर्ण वाचून काढली आणि मग एकच प्रश्न धरून प्रत्येक परिच्छेदावर फिरले: हे वाचून साहेबानं करायचं काय? ज्या ओळीत तारीख, रक्कम, एखादा कागद किंवा बँकेनं केलेली मागणी होती ती अधोरेखित केली. जिथं अंदाज होता तिथं समासात प्रश्नचिन्ह टाकलं. बाकीचं तसंच सोडलं, खोडलं नाही. हे महत्त्वाचं आहे. लांब पत्र फाडून टाकायचं नसतं. तारखा सापडतात त्या त्यातच, आणि माणसाला आठवतं ते प्रसंगाला जोडूनच आठवतं. अधोरेखित झालेल्या ओळी निघाल्या अकरा.

त्यातल्या तीन जागा बघण्यासारख्या आहेत, कारण प्रकरणाचा निकाल त्यांवर ठरणार होता आणि तिन्ही भावनेच्या खाली दबलेल्या होत्या.

चौथ्या पानावर बाईंनी लिहिलं होतं: ‘माझ्या लेकानं गाडी विकली, मी माझ्या पाटल्या गुजरीत नेऊन मोडल्या, सोनारानं घट धरून पैसे कमी दिले, तरी पण शिमग्याच्या आधी आम्ही बँकेचा पैसा न् पैसा चुकता केला, की मालकांच्या माघारी त्यांच्या नावावर कर्ज नको.’ बँकेच्या दृष्टीनं यातला एकच तुकडा कामाचा: कर्ज पूर्ण फिटलं. भरणा पावती काढल्यावर तारीख मिळाली १० मार्च २०२५, आणि कर्ज शिल्लक नसल्याचा दाखला १७ मार्चचा. नव्या पत्रात ही ओळ झाली: ‘सदर गृहकर्ज दि. १० मार्च २०२५ रोजी पूर्ण फेडले आहे.’

तिसऱ्या पानावर, यजमानांच्या आजारपणाच्या वर्णनात, हे होतं: ‘मृत्यूचा दाखला मागितला तेव्हा मला रडू आवरलं नाही. तरी पोरीला पुण्याहून बोलावून घेतली, तिघांच्या सह्या केल्या आणि वारसाचे सगळे कागद नेऊन दिले.’ बाईंच्या मनात ही दुःखाची आठवण होती, पण प्रकरणात तीच त्यांची सर्वांत भक्कम बाजू. यजमान सहकर्जदार होते आणि घर दोघांच्या नावावर, त्यामुळे बँकेचं पहिलं उत्तर काय येणार हे सांगायला नको: ‘वारसांची पूर्तता झाली नव्हती.’ पिशवीतले कागद उलगडल्यावर सापडलं की बँकेनं वारसांचे कागद २४ मार्चला मागितले होते आणि बाईंनी ते २ एप्रिलला दिले होते. त्यांच्याकडच्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का होता.

पाचव्या पानावर: ‘मे महिन्यात गेले तर तो पोरगा म्हणाला, फाईल सापडत नाही, परत या. ह्या शाखेत २०२१ च्या पुरात पाणी शिरलं होतं, तेव्हाच आमचे कागद वाहून गेले आणि हे लोक लपवतात.’ यात एक ऐकलेली गोष्ट आहे आणि एक अंदाज. पुरात शहराच्या सखल भागातल्या बऱ्याच इमारतींत पाणी शिरलं हे खरं. पण त्यावरून कागद गेले असं म्हणता येत नाही. गृहकर्जाचे मूळ कागद बऱ्याच बँका शाखेत ठेवतच नाहीत, दुसऱ्या शहरातल्या मध्यवर्ती साठवणीत पाठवतात आणि शाखेनं लेखी मागणी केली की ते परत येतात. ‘फाईल सापडत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘ही मागणीच अजून कुणी केलेली नाही’ एवढाच असतो. पत्रात ‘तुम्ही कागद हरवलेत’ असं लिहिलं की बँक ते नाकारते आणि चर्चा तिथंच थांबते. म्हणून अंदाज काढून टाकला, ऐकलेली गोष्ट तारखेसह ठेवली आणि तिच्यापुढं एक प्रश्न जोडला: कागद आज कुठं आहेत, ते लेखी कळवा.

हरवलेत की नुसते अडकलेत, या फरकाला पैशाचंही मोल आहे. त्यासाठी नियम नीट पाहावा लागेल. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानं असं ठरवलं की व्यक्तिगत कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही नोंदणी यंत्रणेत चढवलेला बोजाही उतरवायचा. १ डिसेंबर २०२३ पासून पुढं ज्यांचे कागद परत करण्याची वेळ आली त्यांना हे लागू आहे. उशीर झाला तर त्याची कारणं कर्जदाराला कळवायची, आणि उशीर बँकेमुळे असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कागद हरवले किंवा खराब झाले असतील तर दुय्यम किंवा प्रमाणित प्रती काढायला बँकेनं मदत करायची आणि त्याचा खर्चही सोसायचा. मात्र त्यासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर मोजली जाते. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची कार्यपद्धती बँकेनं आधीच ठरवून आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते.

आता हिशेब. १० मार्चपासून ३० दिवस ९ एप्रिलला संपले. १० एप्रिलपासून पत्राच्या तारखेपर्यंत, म्हणजे १६ जूनपर्यंत, एप्रिलचे २१, मेचे ३१ आणि जूनचे १६ मिळून ६८ दिवस होतात. भरपाई ३,४०,००० रुपये. कागद हरवलेले निघाले तर मोजणी १० मेपासून, दिवस ३८ आणि रक्कम १,९०,०००. म्हणजे बाईंचा पुराचा अंदाज पत्रात ठामपणे गेला असता तर त्यांनी स्वतःच स्वतःची तीस दिवसांची भरपाई सोडल्यासारखं झालं असतं. आणि वारसांचे कागद २ एप्रिलला, तीस दिवसांच्या आतच पोचले होते, म्हणून त्या कारणानं एकही दिवस वजा होत नाही. ते एप्रिलअखेर दिले असते तर मधल्या दिवसांवर वाद झाला असता, आणि तेही पत्रात खरं तेच लिहावं लागलं असतं. आपल्या बाजूचा उशीर लपवला आणि बँकेनं तो दाखवून दिला की बाकीच्या तारखांवरचाही विश्वास उडतो.

हा नियम कुणाला लागू नाही हेही कोल्हापुरात सांगायला हवं, कारण इथं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा बँक आणि गृहकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या यांना तो लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, तिच्याविरुद्धचा अर्ज सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायचा. आणि दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी घर तारण दिलं असेल तर ते व्यक्तिगत कर्ज नव्हे. म्हणून पत्राच्या विषयातच ‘गृहकर्ज’ हा शब्द आला पाहिजे.

एक गोष्ट सात पानांत मुळीच नव्हती: कोणते कागद. सगळीकडे ‘आमची कागदं’, ‘घराची फाईल’. शाखेला मागणी करायची तर दस्ताचा क्रमांक आणि साल लागतं. कर्ज घेताना बँक ठेवून घेतलेल्या कागदांची यादी करते, तिची प्रत बऱ्याचदा मंजुरीपत्राला जोडलेली असते. बाईंकडे ती नव्हती. तेव्हा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा, काढली, तिच्यावर दस्त क्रमांक मिळाला. बाकीचे कागद आठवून लिहिले आणि यादीखाली ‘व बँकेच्या यादीप्रमाणे इतर’ असं जोडलं.

खरं अवघड काम होतं काय ठेवायचं नाही ते ठरवणं. विमा आणि व्याज यांवर वाद झाला नाही, त्यांचे वेगळे अर्ज करायचं ठरलं. विम्याचा अर्ज तर वेगळ्याच कंपनीकडे जातो, तो या पत्रात ठेवला असता तर बँकेला अख्खं पत्र ‘विमा कंपनीकडे वर्ग’ करण्याची सोय झाली असती. पासबुक सोडून दिलं. अपमानावर मात्र बाई अडल्या.

‘चार लोकांत मला बोलला तो, बाई रोज रोज काय येता म्हणून. ते कुठं लिहायचं मग, भाऊजी?’

‘वहिनी, ते लिहिलंत म्हणून तर गेल्या खेपेला त्याचंच उत्तर आलं. आता कागद हातात पडू देत. त्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी मी स्वतः लिहून देतो.’

हे समजावणं मसुद्याचाच भाग आहे. ज्याच्यावर बेतलं त्याला आपलं दुखणं कापलं जातंय असं वाटतं, आणि नीट सांगितलं नाही तर सहीच्या वेळी ते पुन्हा शाईनं खाली लिहिलं जातं. अपमान झाला हे खोटं ठरत नाही, त्याचा अर्ज वेगळा होतो एवढंच.

बाईंच्या पत्राचा शेवट ‘न्याय न मिळाल्यास बँकेच्या दारात उपोषणास बसेन’ असा होता. तेही काढलं. अशी ओळ आली की पत्र कर्ज विभागाऐवजी बंदोबस्ताच्या चिंतेत अडकतं, पोलीस ठाण्याला कळवलं जातं आणि कागदांचा विषय बाजूला पडतो. त्या जागी पुढची खरी पायरी घातली.

भावनेतून एकच वाक्य ठेवलं, कारण त्यात नुकसान होतं. घराचा स्लॅब गळत होता, दुरुस्तीसाठी दुसऱ्या बँकेत कर्ज मागितलं होतं, आणि मूळ खरेदीखत नाही म्हणून तो अर्ज पडून होता. स्लॅबखाली पातेली मांडून रात्र काढल्याचं वर्णन बाईंनी अर्धं पान केलं होतं. पत्रात गेलं ते दुसऱ्या बँकेच्या पत्राच्या तारखेसह.

तयार झालेलं पत्र असं:

दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखा), कोल्हापूर

प्रत: मा. प्रधान नोडल अधिकारी, (बँकेचे मुख्य कार्यालय)

विषय: फेडलेल्या गृहकर्जाची मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत. गृहकर्ज खाते क्र. ………

संदर्भ: आपले दि. ९ जून २०२५ चे पत्र

महोदय,

१. वरील गृहकर्ज मी व माझे पती कै. ……… यांनी संयुक्तपणे घेतले होते. ते दि. १० मार्च २०२५ रोजी पूर्ण फेडले आहे. आपला कर्ज शिल्लक नसल्याचा दाखला दि. १७ मार्च २०२५ चा आहे.

२. आपण दि. २४ मार्च रोजी मागितलेला पतीचा मृत्यू दाखला व वारसांची कागदपत्रे मी दि. २ एप्रिल रोजी शाखेत दिली आहेत. त्यानंतर आपल्याकडून कोणतीही त्रुटी कळवण्यात आलेली नाही.

३. पुढील मूळ कागदपत्रे मला अद्याप मिळालेली नाहीत: (अ) खरेदीखत, दस्त क्र. ……… / सन ………, नोंदणी पावतीसह, (आ) सूची क्र. २, (इ) पूर्वीच्या मालकाचे खरेदीखत, (ई) बांधकाम परवाना व मंजूर नकाशा, व बँकेच्या यादीप्रमाणे इतर.

४. दि. ६ मे रोजी शाखेत चौकशी केली असता फाईल सापडत नसल्याचे तोंडी सांगण्यात आले. आपल्या दि. ९ जूनच्या पत्रात कागदपत्रांचा उल्लेख नाही.

५. मूळ खरेदीखताअभावी घरदुरुस्तीचा माझा कर्ज अर्ज दुसऱ्या बँकेत प्रलंबित आहे (त्या बँकेचे पत्र दि. २० मे).

माझी विनंती:
(क) वरील मूळ कागदपत्रे मला द्यावीत, व देण्याची तारीख सात दिवसांत कळवावी.
(ख) कागदपत्रे सध्या कोठे आहेत ते लेखी कळवावे. ती गहाळ असल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे.
(ग) मिळकतीवरील बँकेचा बोजा सर्व नोंदींतून उतरवून त्याचा पुरावा द्यावा.
(घ) रिझर्व्ह बँकेच्या दि. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार दि. १० एप्रिलपासून कागदपत्रे मिळेपर्यंत प्रतिदिन रु. ५,००० प्रमाणे भरपाई माझ्या बचत खात्यात जमा करावी. आज अखेर ६८ दिवसांचे रु. ३,४०,००० होतात.

तीस दिवसांत निराकरण न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल, बचत खाते क्र.)

सोबत: भरणा पावती, कर्ज शिल्लक नसल्याचा दाखला, वारस कागदपत्रांची शिक्क्याची प्रत, आपले ९ जूनचे पत्र, दुसऱ्या बँकेचे पत्र, सूची क्र. २

पत्र इथं संपतं. टाईप केलं तर एका पानात बसतं. हातानं लिहायचं तर अक्षर बारीक ठेवावं लागेल, पण मागच्या बाजूला जाऊ देऊ नये, कारण स्कॅन करताना मागची बाजू राहून जाते.

या मसुद्यात क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. भरपाई शेवटी आहे, कारण ती पहिली आली की पत्र शाखेतून थेट कायदा विभागाकडे जातं आणि कागद शोधणं थांबतं. कागद देणं शाखेच्या हातात असतं, पैसे मंजूर करणं बहुतेक वेळा नसतं. ‘कागद कुठं आहेत’ हा प्रश्न वेगळा विचारला आहे, कारण त्याचं उत्तर द्यायला शाखेला साठवणीकडे विचारावंच लागतं, आणि विचारलं की शोध सुरू होतो. दुसरा मुद्दा बँकेनं न विचारताच घातला आहे. ‘त्यानंतर त्रुटी कळवण्यात आलेली नाही’ हे वाक्य नसतं तर पुढच्या उत्तरात एखादी त्रुटी निघाली असती. हे अर्थात खरं असेल तरच लिहायचं.

पत्र मराठीत चालतं. पण शाखेत बाहेरच्या राज्यातले अधिकारी असतात आणि फाईल पुण्यामुंबईला जाते, तेव्हा खाते क्रमांक, दस्त क्रमांक, तारखा आणि रकमा इंग्रजी आकड्यांत लिहिणं सोयीचं. क्रमांक टाईप करताना एक आकडा चुकला तरी फाईल सापडत नाही, म्हणून तो पासबुकावरून बोट ठेवून दोनदा ताडून पाहावा.

पत्र द्यायला जाताना दोन संच नेले. एक शाखेत दिला, दुसऱ्याच्या पहिल्या पानावर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतली. काउंटरवर ‘ठेवून जा, साहेब बघतील’ म्हणतात तेव्हा शिक्का मारून घेतल्याशिवाय निघायचं नाही. शिक्का नाकारला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपायची. नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेनं तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, तेच पान ईमेलनं पाठवलं, विषयाच्या ओळीत पत्रातलीच विषयाची ओळ टाकून. खासदार, मुख्यमंत्री वगळले. तिथून पत्र फिरून पुन्हा त्याच शाखेत येतं, फक्त मधले आठवडे जातात.

तिसाव्या दिवसाची तारीख महत्त्वाची आहे, कारण बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले किंवा आलेल्या उत्तरानं समाधान झालं नाही की लोकपालांकडे जाता येतं. तक्रार `cms.rbi.org.in` वर करता येते. तसं पाहिलं तर ९ जूनच्या उत्तरानंतर बाई थेट तिकडं जाऊ शकल्या असत्या. पण हातात तीच सात पानं असती, आणि तिथंही खाते, तारीख, मागणी हेच आधी विचारलं गेलं असतं. हे एक पान आणि सोबतचे सहा कागद असले की तो अर्ज भरायला नव्यानं काही लिहावं लागत नाही.

या प्रकरणात शाखेचं उत्तर २५ जूनला आलं: कागद दुसऱ्या शहरातल्या साठवणीत आहेत, मागणी केली आहे, भरपाईबाबत वरिष्ठ कार्यालय निर्णय घेईल. म्हणजे कागद हरवलेले नव्हते, आणि ते आता बँकेनंच लिहून दिलं होतं. ६० दिवसांची सवलत त्या एका वाक्यानं संपली. ७ जुलैला बाईंना कागद घ्यायला बोलावलं.

कागद घेतानाही ते पान समोर ठेवावं लागतं. तिसऱ्या मुद्द्यातल्या यादीवर एकेक खूण करत जायचं, आणि खरेदीखताची पानं मोजायची, कारण दस्ताच्या प्रत्येक पानावर एकूण पानांसह क्रमांक असतो. पूर्वीच्या मालकाचं खरेदीखत इथं नव्हतं. बँकेच्या छापील पावतीवर ‘सर्व कागदपत्रे मिळाली, माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी शिल्लक नाही’ असा मजकूर होता. त्यावर तशीच सही केली असती तर राहिलेला दस्तही गेला असता आणि भरपाईही. बाईंनी सहीच्या वर लिहिलं: ‘(अ), (आ), (ई) मिळाले. (इ) मिळाले नाही. दि. १० एप्रिल ते ६ जुलै २०२५, ८८ दिवसांच्या भरपाईची मागणी रु. ४,४०,००० कायम. ७ जुलै २०२५.’ राहिलेल्या दस्तासाठी मोजणी पुढं चालू राहते, म्हणून तो मिळण्याची तारीखही त्याच पावतीवर मागून घेतली. पावतीची प्रत घेतली आणि १६ जूनच्या पत्राला जोडली. भरपाईचा नकार आला किंवा १६ जुलैपर्यंत काहीच उत्तर आलं नाही, तर लोकपालांच्या अर्जाला जोडायचे कागद हेच.